फॉर्मेशनचा फोटो नेमकं काय दाखवतो?

गॅदरिंगच्या तालमीत फॉर्मेशन लागलं की मोबाइलवर फोटो काढायचा, कालच्या फोटोशी ताडून बघायचा आणि कोण सरकलं ते सांगायचं, ही पद्धत चांगली आहे. पण फोटो वाचण्यात चूक झाली की नीट उभ्या असलेल्या मुलीलाच जागेवरून हलवलं जातं.

समजा, 9 मुली आहेत. पुढे 5, मागे त्यांच्या मधल्या फटींत 4. दोघींत अंतर 4 फूट, दोन रांगांत 6 फूट. मोबाइल मधोमध, पुढच्या रांगेपासून 20 फुटांवर. फोटोत मागची रांग दाटलेली दिसते आणि ‘मागच्यांनो, पांगा!’ अशी हाक येते. वास्तविक त्या बरोबर उभ्या आहेत. लांबचं लहान दिसतं, त्यामुळे मागचे 4 फूट पुढच्या जेमतेम 3 फुटांइतके भासतात. म्हणून अंतर त्याच रांगेतल्या अंतराशी ताडावं. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून काढावेत. 0.5x टाळावं, त्यात कडेच्या मुली ताणल्यासारख्या दिसतात.

‘दोघींच्या मधे उभी केली की चेहरा दिसणारच’ हाही असाच समज. मधल्या दोघींपुरता तो खरा आहे. मागच्या रांगेतली टोकाची मुलगी मात्र मध्यरेषेपासून 6 फुटांवर असते. मोबाइलपासून तिच्याकडे जाणारी नजरेची रेषा पुढच्या रांगेला साधारण 4.6 फुटांवर छेदते, आणि तिथे 4 फुटांवर पुढची मुलगी उभी आहे. म्हणजे चेहरा तिच्या खांद्याला चिकटून दिसतो. हात पसरले किंवा फेटा असला की झाकलाच जातो. टोकाच्या दोघींना फूट-दीड फूट बाहेर घ्या, चेहरे मोकळे होतात. मागच्या रांगेतली अंतरं मग मोजपट्टीवर समान राहत नाहीत, पण माझ्या मते चेहरा दिसणं जास्त महत्त्वाचं. 40 फुटांवरून हाच त्रास बराच कमी होतो, म्हणून तालमीचा फोटो प्रेक्षकांच्या पहिल्या खुर्च्या जिथे येणार, तिथूनच घ्यावा.

रांग सरळ आहे का, हे समोरच्या फोटोत सहसा कळत नाही. डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं तर एखादी फूटभर मागे राहिली तरी फारसा फरक दिसत नाही. डोक्यांच्या रेषेवर तर भरवसा नकोच, कारण उंची सगळ्यांची वेगळी. हा फोटो विंगेतून, रांगेच्या टोकाशी उभं राहून काढावा आणि पावलं बघावीत. पुढे-मागे झालेली लगेच सापडते. बाल्कनी असेल तर तिथूनही एक काढावा. जितकं उंच, तितकं हे अंतर उघड होतं.

फोटो थांबलेल्या पोझचाच घ्या आणि दर वेळी त्याच मात्रेवर घ्या. फिरताना टिपलेल्या फोटोवरून कुणालाही जागा बदलायला सांगू नका.