मांजरीचं नवं खाणं : दहा दिवसांचा हिशेब

मांजर वर्षाची झाली की पिल्लांचं खाणं बंद करून मोठ्या मांजरांचं सुरू करतात. मात्र रातोरात वाटी बदलली, तर अनेकदा दुसऱ्याच दिवशी जुलाब किंवा उलटी होते. आतड्यातले जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात आणि नव्याशी जुळवून घ्यायला त्यांना काही दिवस लागतात.

समजा, मांजर रोज ६० ग्रॅम कोरडं खाणं खाते. पहिले तीन दिवस ४५ ग्रॅम जुन्यात १५ ग्रॅम नवं मिसळावं. चौथ्या ते सहाव्या दिवशी दोन्ही तीस-तीस ग्रॅम. सातव्या ते नवव्या दिवशी १५ ग्रॅम जुनं, ४५ ग्रॅम नवं. दहाव्या दिवशी सगळं नवं.

प्रगती कळते ती मातीच्या ट्रेमध्ये. शी घट्ट असेल तर पुढे जावं. सैल झाली तर आधीच्या प्रमाणावर परतून दोन-तीन दिवस थांबावं.

‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मात्र मांजरीपुढे धरू नये. काही दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. चोवीस तास तिने काहीच खाल्लं नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर लगेच पशुवैद्यांकडे न्यावं.