दुसऱ्या सहीची वेळ

पेमेंट भरलं गेलं संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी आणि मंजूर झालं ६ वाजून ४२ मिनिटांनी. रक्कम १८ लाख ४० हजार, पोलादी पट्ट्या पुरवणाऱ्या जुन्या पुरवठादाराच्या नावे. तीन आठवड्यांनी त्याच पुरवठादाराच्या हिशेबनिसाने फोन करून विचारलं, "आमचे पैसे कधी सोडताय?" तेव्हा कारखान्यात धावपळ झाली आणि अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून मला बोलावणं आलं.

मोठ्या रकमेसाठी दोन माणसं लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं. एकजण पेमेंट भरतो तो मेकर, दुसरा तपासून सोडतो तो चेकर. पण लॉगमध्ये माणूस दिसत नाही. दिसतो तो आयडी, वेळ आणि कोणत्या संगणकावरून काम झालं ते. इथे दोन्ही आयडी वेगळे होते, संगणक मात्र एकच. हजेरी काढली, तर चेकरसाहेब त्या दिवशी कोल्हापूरला लग्नाला गेलेले. त्यांचा पासवर्ड मेकरला पाठ होता आणि आकडे दाखवणारं टोकन टेबलाच्या खणात पडलेलं. "सर, अडलं की काय करणार?" मेकर म्हणाला. तो चोर नव्हता.

मग वर्षभराची पेमेंट काढून एकच चाळणी लावली: एकच संगणक आणि दोन मिनिटांच्या आत दोन्ही मंजुऱ्या. ४१ पेमेंट सापडली. त्यातली ४० अगदी रास्त होती. मला त्या एकापेक्षा या चाळिसांचीच जास्त काळजी वाटली, कारण दुसरी सही महिनोन् महिने नुसती शोभेची होती.

पण पैसे चुकीच्या खात्यात गेले कसे? पेमेंटच्या अकरा दिवस आधी पुरवठादाराच्या नावाने मेल आला होता: बँक बदलली आहे, नवं खातं सोबत. पत्त्यातलं एक अक्षर वेगळं होतं. फॉर्मवर 'फोन करून खात्री केली' या चौकटीत बरोबरची खूण होती आणि ती खोटी नव्हती. फोन खरंच केला होता, फक्त त्याच मेलमध्ये दिलेल्या नंबरावर. नंबर घ्यायचा तो जुन्या पर्चेस ऑर्डरवरून. त्या काळी आरटीजीएसमध्ये पैसे जात ते खाते क्रमांकावर, नावाची पडताळणी नसे. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं.

खातं बदलण्याचा हा प्रकार पुरवठादाराच्या बाजूचा. कंपनीच्या स्वतःच्या खात्यावर कुणाची सही चालते, ते बँकेच्या मॅन्डेटमध्ये असतं. ती यादी मी ट्रेझरीकडे मागितली नाही. कंपनीच्या पत्रावर थेट बँकेकडून मागवली आणि संचालक मंडळाच्या ठरावांशी ताडून पाहिली. सात महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेले एक अधिकारी यादीत तसेच होते. नाव काढण्याचा ठराव झाला होता, पत्रही फाइलला होतं. त्यावर बँकेची पोच मात्र नव्हती. पत्र कधी गेलंच नव्हतं.

आता अर्जंटचं. नियमाप्रमाणे दहा लाखांवरच्या पेमेंटला तिसऱ्या, वित्तप्रमुखाच्या मंजुरीची गरज होती. 'तातडी' असेल तर ती नंतर ४८ तासांत घेता येई. मी तातडीच्या प्रत्येक पेमेंटपुढे बिलाची देय तारीख लिहून काढली. वर्षभरात अशी ६३ पेमेंट होती, त्यातल्या ४९ची बिलं आठवड्याहून जास्त काळ ऑफिसातच लोळत होती. म्हणजे तातडी बाहेरून आली नव्हती, आपल्याच दिरंगाईने तयार केलेली होती. आमच्या १८ लाख ४० हजारांचं उलटंच. त्या बिलाची मुदत अजून बारा दिवसांनी होती, तरी कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: 'अर्जंट, एमडी सरांच्या सूचनेनुसार'. एमडींना विचारलं, तर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पुरवठादार बनलेल्या त्या भामट्याने फोनवर 'तुमच्या एमडींशी बोलणं झालंय' एवढंच म्हटलं होतं. साहेबांचं नाव निघालं की उलट विचारायची कुणाची छाती होत नाही. ऑस्ट्रियात विमानांचे भाग बनवणाऱ्या एफएसीसी या कंपनीचे २०१६ च्या सुमारास साधारण ५ कोटी युरो असेच गेले. तिथे मेल थेट मुख्याधिकाऱ्याच्या नावाने आला होता.

या तपासणीलाही हद्द आहे. मेकर आणि चेकर दोघं मिळालेले असते, तर दोन संगणक, वीस मिनिटांचं अंतर, सगळं नीटनेटकं दिसलं असतं. तेव्हा उरतो तो पुरवठादाराकडून थेट मागवलेला खातेउतारा. इथेही चोरी आधी त्यांच्याच फोनने कळली, माझ्या चाळणीने नाही.

तक्रार झाली तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेले होते. शेवटच्या खात्यात गोठवायला ६२ हजार रुपये उरले होते.