पावसाचा अंदाज आणि समभागाचा परतावा : अपेक्षित आकडा व जोखीम कशी काढतात?

नवी दिल्ली : भारतीय हवामान विभाग दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. त्यातील ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा एक आकडा ठळक बातमी होतो. त्याच निवेदनात असलेल्या एका छोट्या तक्त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. पावसाच्या पाच श्रेणींपैकी प्रत्येकीची संभाव्यता किती, हे त्या तक्त्यात दिलेले असते. एखाद्या समभागाचा अपेक्षित परतावा आणि त्यातील जोखीम काढण्यासाठी जो कच्चा माल लागतो, त्याचा अर्धा भाग इथे आयता मिळतो.

१५ एप्रिल २०२५ रोजी विभागाने दीर्घकालीन सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज वर्तवला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची ही सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. तक्त्यानुसार अपुऱ्या पावसाची संभाव्यता २ टक्के, सरासरीपेक्षा कमी पावसाची ९, सामान्य पावसाची ३०, सरासरीपेक्षा अधिक पावसाची ३३ आणि अतिरिक्त पावसाची २६ टक्के होती. पाचही आकड्यांची बेरीज १०० होते. ती तशी होणे ही या गणिताची पहिली अट आहे. बेरीज १०० भरत नसेल, तर एखादी शक्यता सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे.

आता ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचा समभाग घेऊ. सोयीसाठी पाच श्रेणींच्या तीन परिस्थिती करू. पाऊस कमी पडला (संभाव्यता ११ टक्के), तर वर्षभरात समभाग १८ टक्के घसरेल. पाऊस सामान्य राहिला (३० टक्के), तर १० टक्के परतावा मिळेल. पाऊस अधिक झाला (५९ टक्के), तर २२ टक्के मिळेल, असे विश्लेषकाने गृहीत धरले. संभाव्यता हवामान विभागाच्या असल्या, तरी परताव्याचे आकडे विश्लेषकाच्या अंदाजाचे आहेत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

अपेक्षित परतावा काढण्यासाठी प्रत्येक परतावा त्याच्या संभाव्यतेने गुणायचा आणि गुणाकारांची बेरीज करायची. ०.११ गुणिले उणे १८ म्हणजे उणे १.९८, ०.३० गुणिले १० म्हणजे ३, ०.५९ गुणिले २२ म्हणजे १२.९८. बेरीज येते बरोबर १४ टक्के. इथे एक गैरसमज नेहमी होतो. १४ टक्के हा परतावा तिन्हीपैकी कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. हेच वर्ष याच संभाव्यतांसह पुन्हा पुन्हा आले असते, तर सरासरी कोठे स्थिरावली असती, एवढेच तो आकडा सांगतो.

प्रत्यक्ष परतावा या सरासरीपासून किती दूर जाऊ शकतो, याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक परताव्यातून १४ वजा केल्यावर उणे ३२, उणे ४ आणि अधिक ८ असे फरक येतात. हे फरक संभाव्यतेने गुणून नुसते मिळवले, तर उत्तर शून्य येते. ते नेहमीच शून्य येते, त्यामुळे अपेक्षित परतावा बरोबर काढला आहे की नाही, हे ताडून पाहण्याची ती सोपी युक्तीही आहे. म्हणून फरकांचे वर्ग घ्यावे लागतात : १०२४, १६ आणि ६४. त्यांना संभाव्यतेने गुणल्यावर ११२.६४, ४.८ आणि ३७.७६ मिळतात. त्यांची बेरीज १५५.२. हे झाले प्रचरण. त्याचे वर्गमूळ सुमारे १२.५ टक्के, आणि तेच प्रमाण विचलन. मागील वर्षांच्या नोंदींवरून प्रमाण विचलन काढताना नोंदींच्या संख्येतून एक वजा करून भागण्याची पद्धत आहे. इथे तसे भागायचे नाही, कारण भागाकाराचे काम संभाव्यतांनीच केलेले असते.

या १५५.२ पैकी ११२.६४, म्हणजे जवळपास पाऊण हिस्सा, एकट्या कमी पावसाच्या परिस्थितीतून आला आहे. तिची संभाव्यता अवघी ११ टक्के आहे. सरासरीपासूनचे अंतर वर्ग होऊन मोजले जात असल्याने दुर्मीळ पण मोठा फटका जोखमीच्या हिशेबात आपल्या संभाव्यतेपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. साहजिकच, उणे १८ हा आकडा चुकला, तर जोखमीचे उत्तरही चुकते.

अपेक्षित परताव्याचे मर्मस्थान मात्र दुसरीकडे, अधिक पावसाच्या ५९ टक्क्यांत आहे. २०२५ मध्ये देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला, म्हणजे अंदाजाची दिशा बरोबर ठरली. पण त्याच वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्याखाली गेली. अधिक पाऊस म्हणजे ट्रॅक्टरची अधिक विक्री, हे समीकरण सरसकट लागू पडत नाही. समजा, अधिक आणि अतिरिक्त पावसाच्या श्रेणी विश्लेषकाने वेगळ्या केल्या आणि २६ टक्के संभाव्यतेच्या अतिरिक्त पावसासाठी २२ ऐवजी केवळ २ टक्के परतावा धरला. अपेक्षित परतावा १४ वरून ८.८ टक्क्यांवर येतो. प्रमाण विचलन मात्र १२.५ वरून १२.२ होते, म्हणजे जवळजवळ जागचे हलतच नाही. परतावा एक-तृतीयांशाहून अधिक घटला, तरी जोखमीच्या आकड्याने त्याची कोणतीही चाहूल दिली नाही. गृहीतक चुकल्याची जोखीम या आकड्यात मोजली जात नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. सामान्य पाऊस झाला की परतावा नेमका १० टक्केच, असे या गणितात धरलेले असते. प्रत्यक्षात समभागावर पावसाखेरीज अनेक गोष्टींचा परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एप्रिलच्या पाऊस-तक्त्यात अशा निर्णयाला जागा असणे शक्य नव्हते. समजा, प्रत्येक परिस्थितीच्या आतही परतावा आपल्या सरासरीभोवती २० टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने हेलकावतो. मग २० चा वर्ग ४०० मूळ १५५.२ मध्ये मिळवावा लागतो. एकूण प्रचरण ५५५.२ आणि प्रमाण विचलन सुमारे २३.६ टक्के होते, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. अपेक्षित परतावा तोच राहतो.

हे ओळखण्याचा मार्ग साधा आहे. परिस्थितींवरून काढलेले प्रमाण विचलन त्याच समभागाच्या मागील काही वर्षांतील वार्षिक प्रमाण विचलनाशेजारी ठेवून पाहावे. एकेका समभागाचा हा ऐतिहासिक आकडा सहसा २० टक्क्यांच्या वर असतो. त्याच्या शेजारी १२.५ दिसले, तर समभाग सुरक्षित आहे असे नव्हे, तर तीन चौकटींत न मावलेली अनिश्चितता हिशेबाबाहेर राहिली आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

एक तपशील तारखेचाही. हवामान विभागाचा अंदाज सर्वांना एकाच वेळी कळतो आणि बाजार त्यानुसार भाव लगेच बदलतो. त्यामुळे १५ एप्रिलच्या संभाव्यता वापरायच्या, तर प्रत्येक परिस्थितीतील परतावाही त्या घोषणेनंतरच्या भावापासून मोजावा लागतो. आदल्या आठवड्यातील भाव धरला, तर जी वाढ आधीच होऊन गेली आहे, तीच पुन्हा अपेक्षेत मोजली जाते.