न दुखणारा चट्टा

अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. कुष्ठरोगात नेमकी हीच गोष्ट घातक ठरते, कारण चट्टा न दुखण्याचं कारण तिथल्या संवेदना गेलेल्या असणं हेही असू शकतं.

या रोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधला. तो फार सावकाश वाढतो. पुष्कळसे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला मात्र बारा ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. हा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर आजवर वाढवता आलेला नाही. त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात: त्वचा, नाक आणि त्वचेलगतच्या नसा. नसेच्या तंतूंभोवती आवरण धरणाऱ्या पेशींमध्येच तो ठाण मांडतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पस्तिशीची एक शेतमजूर बाई. पाठीवर आणि हातांवर मिळून सात चट्टे. भाकरी भाजताना करंगळीला चटका बसला, तिला कळलंच नाही. फोड दिसला तेव्हा समजलं. आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. डॉक्टरांनी आधी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने हलकेच स्पर्श करत, जिथे कळेल तिथे बोट ठेवायला लावलं. चट्ट्यांवर आणि करंगळीवर ती चुकली. मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खोबणीत बोट फिरवलं. तिथली नस जाड लागत होती. हीच नस करंगळीला संवेदना देते आणि बोटं सरळ ठेवणारे तळहाताचे छोटे स्नायू चालवते. ती निकामी झाली की बोटं आत वळतात. बोटं झडतात असं लोक म्हणतात, पण जंतू बोटं खात नाही. बधिर हाताला होणारे चटके, जखमा आणि त्यांत शिरलेला दुसरा संसर्ग यांनी बोटांची झीज होते.

पाचपेक्षा जास्त चट्टे, म्हणून तिला बहुविध औषधोपचार बारा महिने. औषध मोफत मिळतं, चार आठवड्यांचं एक पाकीट. पहिल्या दिवशीच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. मग रोज घरी शेवटची दोन औषधं. तीन औषधं एकत्र देण्यामागे कडू अनुभव आहे. एकटं डॅप्सोन वर्षानुवर्षं दिल्यावर जंतू त्याला दाद देईनासे झाले, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये ही जोडणी सुचवली. रिफॅम्पिसिनचा एकच डोस जवळजवळ सगळे जिवंत जंतू मारतो. म्हणून उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती उरत नाही. तिने वेगळं ताट घ्यायचं, पोरांना जवळ घ्यायचं नाही, याला काहीही आधार नाही, आणि असं वागवणं अन्यायाचं आहे.

तिसऱ्या महिन्यात मात्र चट्टे लाल होऊन सुजतात, कोपर ठणकू लागतं, मुठीतली ताकद कमी होते. घरचे म्हणतात, औषध बाधलं, बंद कर. इथेच अनेकांचा हात कायमचा जातो. जंतू मेले तरी त्यांचे अवशेष त्वचेत आणि नसांत बराच काळ राहतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. या सुजेने नस दाबली जाते. डॉक्टर याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती उपचारापूर्वी येऊ शकते, उपचार संपल्यावरही येते. अशा वेळी चालू गोळ्या थांबवायच्या नाहीत. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं आणि काही महिन्यांत ते हळूहळू कमी करत आणायचं. नस नुकतीच, सहा महिन्यांच्या आत दुबळी झाली असेल, तर ताकद परतण्याची चांगली शक्यता असते. त्याहून जुनं नुकसान सहसा भरून येत नाही.

लघवी दिवसभर लाल होणं किंवा कातडी काळपट पडणं मात्र औषधांचे नेहमीचे परिणाम आहेत. लाली रिफॅम्पिसिनची, काळपटपणा क्लोफाझिमिनचा. तो उपचारानंतर काही महिन्यांत ओसरतो. बाईमाणसाला चेहरा काळवंडला की चारचौघांत जाणं नकोसं होतं, आणि कित्येक जणी पाकीट तिथेच सोडतात. हे आधीच समजावून सांगितलं तर त्या टिकतात.

बारा पाकिटं संपली की ती रोगमुक्त. करंगळी मात्र बधिरच राहू शकते. तवा-कढई फडक्याने धरायची, रोज हात पाण्यात भिजवून तेल लावायचं, रात्री उजेडात बोटं निरखून बघायची. तिच्या घरच्यांची तपासणी करून, रोगाची लक्षणं नसतील तर त्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देतात. पुढच्या दोनेक वर्षांत त्यांना रोग होण्याचा धोका त्याने निम्म्याच्या आसपास घटतो.