पोटरीआडचा लेप

आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणसं तासन्‌तास उभी असतात. कंबर धरते, तळवे जळतात, पाय सुजतात. तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, पण 'पोटरीतली ताकद संपली आणि मी तोंडावर पडलो' असं कुणी म्हणत नाही. खरं तर पडायला हवं. सरळ उभ्या माणसाचं वजन घोट्यावर बरोबर तोललेलं नसतं. शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे असतो. उभं राहणं म्हणजे सतत पुढे पडू पाहणं, आणि मागून कुणीतरी धरून ठेवणं.

धरून ठेवणाऱ्याचं नाव सोलिअस. पोटरीचा जो गोळा आपल्याला दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमिअस नावाचा स्नायू. सोलिअस त्याच्या आड, चपटा आणि रुंद. त्याचं नाव ज्या लॅटिन शब्दावरून आलं त्याचा अर्थ चप्पल, आणि त्याच शब्दाने एका चपट्या माशालाही नाव दिलं. आपल्या बाजारात त्याचा भाईबंद लेप म्हणून मिळतो. हा स्नायू गुडघ्याखालच्या दोन्ही हाडांवर सुरू होतो आणि टाचेमागच्या जाड कंडरेत मिसळतो. शेजारचा गोळा गुडघ्याच्या वरून निघतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. सोलिअसला गुडघ्याशी देणंघेणं नाही.

त्याच्यावर भार किती येतो? साठ किलोचा माणूस घेऊ. वजन घोट्याच्या साधारण पाच सेंटिमीटर पुढे, आणि कंडरा घोट्याच्या साधारण तेवढीच मागे. सी-सॉच्या दोन बाजूंसारखा हा हिशेब आहे. मागची ओढ साठ किलोची हवी, म्हणजे एका पायाला तीस. आता हाच माणूस एका पायाच्या चवड्यावर उचलला गेला, तर सगळं वजन घोट्याच्या बरंच पुढे जातं आणि त्या एकाच कंडरेवर सव्वाशे किलोंहून अधिक ओढ येते. तसं वीस-पंचवीसदा केलं की पोटरी पेटते. नुसतं उभं राहताना तिच्या कुवतीचा लहानसाच भाग वापरला जातो.

पण लहानसं ओझंही चार तास हातात धरलं तर हात भरून येतो. सोलिअसचं तसं का होत नाही, याचं उत्तर त्याच्या रंगात आहे. कोंबडीचा पाय सोलून पाहा. तंगडीचं मांस गडद, छातीचं फिकट. 1873 साली रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांच्या लाल आणि पांढऱ्या स्नायूंची तुलना करून दाखवलं, की लाल स्नायू सावकाश आकुंचन पावतात. माणसाच्या सोलिअसमधले दहापैकी सात ते नऊ तंतू या संथ जातीचे असतात.

तंतूच्या आत प्रथिनांचे सूक्ष्म हात एकमेकांचा दोर धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. दर सोड-धरीला एटीपी या इंधनाचा एक रेणू जळतो. वेगवान तंतूचे हात भराभर बदलतात. संथ तंतूचा हात एकदा धरला की बराच वेळ सोडत नाही, म्हणून तेवढ्याच ओढीसाठी इंधन कमी लागतं. धावताना हा आळस घातक ठरेल. उभं राहायला मात्र हवा तो हाच. शिवाय हे इंधन प्राणवायू वापरून जागच्या जागी पुन्हा तयार होतं. भोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि आत प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन, लाली त्याचीच.

हे पटत नसेल तर उभं राहून पोटरीच्या खालच्या भागात, कडेला बोटं ठेवा. किंचित पुढे झुका, मांस घट्ट होईल. मागे झुका, सैल पडेल. नुसतं उभं असताना ते थोडंथोडं बदलत राहतं. कंडरा थोडी लवचीक असल्याने स्नायूला सारखं लहानलहान जुळवून घ्यावं लागतं, आणि एक विचित्र गोष्ट मोजण्यांत दिसली आहे: अंग पुढे झुकताना सोलिअस लांब होत नाही, उलट आखडतो. ताण कंडरा खाते.

मग माणूस दमतो कशाने? तळव्यांवरच्या दाबाने, कंबरेच्या अवघडण्याने, आणि पायांत साचलेल्या रक्ताने. सोलिअसच्या आत रुंद शिरा आहेत. चालताना तो आवळला की त्यांतलं रक्त वर ढकललं जातं. उभ्याउभ्या होणारं हलकं आकुंचन त्याला पुरत नाही. बारी चार पावलं सरकली की हा पंप चालतो, अडली की थांबतो. परेडमध्ये सावधान उभा असलेला एखादा शिपाई कोसळतो तेव्हा सोलिअस थकलेला नसतो. मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं, आणि आडवा पडला की बहुधा मिनिटभरात तो डोळे उघडतो.