नोकरी सांभाळून घरचा व्यवसाय : साहेबांना सांगायचे कसे?

मैत्रिणींनो, शेजारच्या चार घरी भाजणी देता देता एखादीचा चांगला व्यवसाय उभा राहतो. लोक नाव विचारू लागतात, मग पाकिटावर चिठ्ठी लागते, व्हॉट्सॲपवर यादी जाते आणि एक दिवस ऑफिसात कुणीतरी विचारते, "काय हो, नोकरी सोडताय म्हणे?" आपण काही लपवलेले नसते, पण आपल्या तोंडाने सांगितलेलेही नसते. साहेबांच्या कानावर ते भलत्याच रूपात जाते आणि मग विनाकारण संशय सुरू होतो.

एक उदाहरण समोर ठेवू. पुण्याकडच्या एका यंत्रांच्या सुट्या भागांच्या कंपनीत हिशेब विभागात काम करणाऱ्या एक बाई आहेत असे धरा. आपण त्यांना वहिनी म्हणू. पुरवठादारांची बिले तपासून पुढे पाठवणे हे त्यांचे काम. शनिवारी दुपारी सुट्टी झाली की त्या धान्य भाजतात, रविवारी सकाळी गिरणीतून दळून आणतात. चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सारे मिळून आठवड्याला दहा किलो. बस्स, एवढाच पसारा.

वहिनींनी पहिल्यांदा काढायचे ते नेमणुकीचे पत्र. पगाराचा आकडा पाहून आपण ते फायलीत टाकलेले असते! कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरी नोकरी किंवा व्यवसाय करू नये, अशा अर्थाचे एक कलम बहुतेक पत्रांत असते. ते वाचून घाबरायचे कारण नाही. "परवानगीशिवाय" हाच त्यातला आपल्या उपयोगाचा शब्द.

सरकारी नोकरीत मात्र गोष्ट निराळी. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे व्यापार-धंद्याला आधी मंजुरी लागते. अधूनमधून केलेल्या साहित्यिक वा कलाविषयक कामाला तेवढी सूट आहे. "सासूबाईंच्या नावावर करते" ही पळवाटही तिथे चालत नाही. घरच्या माणसाचा धंदा असला तरी तो कळवावा लागतो आणि त्यासाठी गिऱ्हाईक जमवत फिरणे हा नियमभंगच धरतात.

खासगी कंपनीत मालकाला धास्ती असते ती वेळेची, व्यवहाराची आणि कंपनीच्या नावाची. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिषद प्रेमजी यांनी ३०० कर्मचारी कमी केल्याचे सांगितले, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करताना आढळले म्हणून. त्याच सुमारास इन्फोसिसनेही आपल्या लोकांना तंबी दिली होती, पण पुढच्याच महिन्यात वरिष्ठांची व एचआरची पूर्वसंमती घेऊन बाहेरचे काही काम करायला वाट ठेवली. आपली भाजणी कंपनीशी स्पर्धा करीत नाही हे खरेच, पण ते साहेबांनी तर्काने ओळखावे अशी अपेक्षा का ठेवायची? लिहून द्यावे. वहिनींचे पत्र साधारण असे असावे :

"मी शनिवारी दुपारनंतर व रविवारी घरी भाजणी, मेतकूट व मसाले तयार करून ओळखीच्या कुटुंबांना विकते. हे काम आठवड्याला सुमारे दहा किलोचे आहे. त्यासाठी मी ऑफिसची वेळ, फोन, संगणक वा कागद वापरत नाही. कंपनीच्या पुरवठादारांना व ग्राहकांना मी माल विकणार नाही. जाहिरातीत कंपनीचे नाव येणार नाही. कामाचे स्वरूप वाढल्यास आधी कळवीन. नेमणूकपत्रातील कलमानुसार यास लेखी परवानगी मिळावी, ही विनंती."

यात कुठेही घरखर्चाचे रडगाणे नाही, की "माझे स्वप्न" नाही. पगार पुरत नाही असे लिहिले की साहेबांना वाटते, ही आज ना उद्या जाणार. आधी साहेबांशी दोन शब्द बोलावे आणि त्याच दिवशी पत्र द्यावे. "अहो, करा हो, त्यात काय!" एवढ्यावर थांबू नये. साहेब बदलतात आणि नव्या साहेबांना जुन्यांचे तोंडी बोलणे माहीत नसते. उत्तर आले नाही तर आठवडाभराने नम्रपणे आठवण द्यावी. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. आणि नकार आला, तर नोकरी हवी असेल तोवर विक्री थांबवणेच बरे.

पत्रातले पुरवठादारांबद्दलचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समजा, दिवाळीत एका पुरवठादाराने वहिनींना पन्नास पाकिटांची ऑर्डर दिली. भाजणी चांगली म्हणूनच दिली असेल. पण पुढच्या महिन्यात त्याचे बिल चार दिवस लवकर निघाले, तर बोलणारे काय बोलतील? अशी ऑर्डर आली तर "आमच्या ऑफिसचा संबंध आहे, मला घेता येणार नाही," असे सरळ सांगावे आणि साहेबांच्या कानावरही घालावे. हाताखालच्या मुलींनाही आपण होऊन माल विकू नये; बिचाऱ्यांना नाही म्हणता येत नाही.

आता बाहेर दिसणारे रूप. अन्नपदार्थांची नोंदणी करावीच लागते आणि पाकिटावर करणाऱ्याचे नाव-पत्ता व चौदा आकडी नोंदणी क्रमांक येतो, तेव्हा टोपणनावाने लपणे व्यर्थ. मात्र पत्रात लिहिले तेच सगळीकडे दिसले पाहिजे. व्हॉट्सॲप बिझनेससाठी वेगळा नंबर घ्यावा. त्यात व्यवसायाची वेळ घालता येते आणि त्या वेळेबाहेर आपोआप निरोप जाईल अशी सोयही आहे. "ऑर्डर रोज संध्याकाळी सात ते नऊ घेतल्या जातात. माल रविवारी मिळेल," एवढा निरोप पुरे. दुपारी बारा वाजता गिऱ्हाइकाला तुमच्या हातचे उत्तर गेले, तर पत्रातला शब्द तिथेच खोटा पडला.

लिंक्डइनवर खाते असेल तर तिथे जास्त जपावे. "संस्थापक व संचालक" असे भारदस्त बिरुद लावले की पाहणाऱ्याला वाटते, बाई निघाल्या! नोकरी वर ठेवावी, खाली "घरगुती मसाले व भाजणी, शनिवार-रविवार" असे लिहावे. नवीन काम नोंदवताना ओळखीच्या सर्वांना कळवण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवावा, नाहीतर अभिनंदनाचे संदेश साहेबांच्याही पुढ्यात जायचे! आधीची नोकरी संपल्याची खूण चुकून झाली नाही ना, हेही पाहावे. ऑफिसचा ईमेल पत्ता मात्र कुठेच देऊ नये.

खरी कसोटी दिवाळीत. दहा किलोचे चाळीस किलो होतात आणि शनिवार-रविवार पुरत नाहीत. अशा वेळी डोके दुखते म्हणून आजारपणाची रजा काढायची आणि दुपारी चकल्यांचे फोटो स्टेटसवर टाकायचे, हा प्रकार पाहिला म्हणजे कपाळावर हात मारावासा वाटतो. हक्काची रजा असेल तर ती गणपती झाले की लगेच मागून ठेवावी. रजा दोनच दिवस मिळाली तर ऑर्डरीही तेवढ्याच घ्याव्यात आणि "या वर्षीची नोंदणी पूर्ण झाली" असे आपल्या यादीवर लिहून टाकावे.