पस्तीस दिवसांचा हिशेब

गाडी चोरीला गेली की माणूस आधी पोलीस ठाणे गाठतो. विमा कंपनी आठवते ती नंतर, कधी कधी फारच नंतर. मग कंपनीचे पत्र येते: घटनेची सूचना ‘तात्काळ’ दिली नाही, सबब पॉलिसीच्या पहिल्या अटीचा भंग झाला आणि दावा नामंजूर. हे पत्र येण्याची वाट न पाहता, सूचना देतानाच सोबत जोडायचा कागद म्हणजे विलंब माफीचा अर्ज. बहुतेक जण तो ‘झालेल्या उशिराबद्दल क्षमा असावी’ अशा सुरात लिहितात. पण नुसत्या दिलगिरीवर विमा कंपनीतला अधिकारी सही करू शकत नाही. त्याला फाइलवर कारण नोंदवावे लागते आणि ते कारण त्याच्या हाती देणे हे अर्जाचे काम.

फलटणजवळच्या गावातला एक भाजी व्यापारी डोळ्यांसमोर आणू. 3 मार्चच्या रात्री त्याची पिकअप घरासमोरून चोरीला गेली. 4 मार्चला सकाळीच त्याने फिर्याद दिली आणि गुन्हा नोंद झाला. त्याच दिवशी त्याने पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटला फोन केला. एजंट म्हणाला, “पोलिसांचे कागद होऊ द्या, मग बघू.” 10 मार्चला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना पुण्याला हलवावे लागले. 2 एप्रिलला रुग्णालयातून सुटी मिळाली. कंपनीच्या शाखेत लेखी सूचना पोहोचली 7 एप्रिलला, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी.

सरसकट ‘वडिलांच्या आजारपणामुळे उशीर झाला’ एवढेच लिहिले, तर कंपनीचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: वडील 10 तारखेला आजारी पडले, मग 4 ते 9 मार्च काय करत होतात? म्हणून पस्तीस दिवसांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब द्यायचा आणि प्रत्येकाला शक्य तो कागद लावायचा. अर्जातला मजकूर साधारण असा होईल:

“दि. 4 मार्च रोजी मी पोलिसांत फिर्याद दिली व त्याच दिवशी आपल्या एजंटना फोनवर कळवले; कॉलची नोंद सोबत जोडली आहे. पोलिसांचे कागद मिळाल्यावरच दावा करता येतो, अशी माझी समजूत झाली. दि. 9 मार्चपर्यंत मी गाडीच्या शोधात पोलिसांबरोबर होतो. दि. 10 मार्च ते 2 एप्रिल या काळात वडील पुणे येथे दाखल होते व त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. डिस्चार्ज कार्ड सोबत आहे. दि. 3 ते 6 एप्रिल वडिलांना घरी आणून त्यांच्या शुश्रूषेची व्यवस्था लावण्यात गेले.”

यातला पहिला तुकडा कच्चा आहे, हे अर्जदारानेही ओळखून असावे. गैरसमज हे काही आवाक्याबाहेरचे कारण नव्हे. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला सांगितले, हेही कंपनी सहसा मान्य करत नाही. तरी ते लपवून तारखा पुढेमागे करणे सर्वांत वाईट. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, फिर्यादीतल्या तारखा ताडून पाहतो. एक तारीख खोटी निघाली की चोरीवरच संशय घेतला जातो.

कच्चा तुकडा सावरतो तो अर्जाच्या दुसऱ्या भागाने. विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 रोजी सर्व कंपन्यांना एक परिपत्रक पाठवले. मुदतीची अट एकटी, सुटी धरून लावायची नाही, असा त्याचा रोख आहे. विलंबाची कारणे नेमकी तपासून नोंदवली पाहिजेत. शिवाय, वेळेत कळवले असते तरीही हा दावा नाकारलाच गेला असता, अशी कंपनीची खात्री झाल्याखेरीज केवळ उशिरासाठी तो फेटाळू नये. विमेदाराच्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला उशीर गुणवत्तेवर माफ करता येईल, अशा अर्थाचा मजकूर पॉलिसीत घालण्याचा सल्लाही त्यात आहे. अनेक पॉलिसींमध्ये हे कलम दाव्याच्या कार्यपद्धतीखाली बारीक अक्षरांत सापडते. आपल्या पॉलिसीत ते शोधून त्याचा क्रमांक अर्जात लिहावा. नसेल तर परिपत्रकाचा हवाला द्यावा.

मग प्रश्न उरतो तो असा: उशिराने कंपनीचे काय बिघडले? अपघातात बिघडू शकते. चेपलेली गाडी सर्व्हेअर येण्याआधीच दुरुस्त करून घेतली, तर नुकसान किती होते हे पाहायला काही उरत नाही आणि तिथे विलंब माफीचा अर्ज लंगडा पडतो. चोरीचे तसे नाही. गाडी शोधायची ती पोलिसांनी. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी 2020 मध्ये गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात हेच तर्कशास्त्र मांडले. ट्रॅक्टर चोरीला गेला, फिर्याद त्याच दिवशी झाली, कंपनीला मात्र 52 दिवसांनी कळले. पोलिसांना लगेच कळवले असेल आणि चोरी खरी असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. त्याआधी याच न्यायालयाचे निकाल दोन्ही दिशांना गेले होते, म्हणून तर प्रकरण मोठ्या पीठापुढे आले. फेब्रुवारी 2022 मध्ये जैना कन्स्ट्रक्शनच्या ट्रकबाबत, सुमारे पाच महिन्यांचा उशीर असतानाही, न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

आपल्या व्यापाऱ्याच्या अर्जात हे तीन वाक्यांत यावे: “चोरीची खबर पोलिसांना तात्काळ दिली असल्याने तपासात कोणताही खंड पडलेला नाही. कंपनीस मी वेळेत कळवले असते तरी दाव्याचा निर्णय वेगळा झाला नसता. सबब विलंब माफ करून दावा गुणवत्तेवर निकाली काढावा.” निकालांची नावे हवी तर एका ओळीत. पानभर कायदा ओतला की अर्ज नोटिशीसारखा वाटू लागतो आणि अधिकारी तो सरळ विधी विभागाकडे सरकवतो.

हे निकाल उभे आहेत ते वेळेवर दिलेल्या फिर्यादीवर, हे मात्र विसरू नये. पोलिसांत जायलाच पंधरा दिवस लावले असतील, तर यातले फारसे काही उपयोगी पडत नाही. ठाण्यात ‘आधी दोन दिवस शोधा’ असे सांगून परत पाठवण्याचे प्रकार होतात. तसे झाले तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवावी आणि पावती जपून ठेवावी.

अर्जासोबत एफआयआरची प्रत, आरसी बुक, आरटीओला चोरी कळवल्याची पोहोच आणि गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या द्याव्या लागतात. एक किल्ली हरवली असेल तर ती कधी, कुठे हरवली हे अर्जातच लिहावे. किल्ली गाडीतच राहिली होती का, हा कंपनीचा पुढचा प्रश्न असतो. गाडी सापडली नाही तर पोलीस ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण शोध लागला नाही. तो अहवाल यायला महिने लागतात. त्यासाठी अर्ज थांबवू नये, ‘मिळताच सादर करीन’ असे लिहावे. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा.

कंपनीने तरीही नकार दिला, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत. तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. लोकपाल सगळ्यात आधी चोरीची, फिर्यादीची आणि कंपनीला कळवल्याची अशा तीन तारखा पाहतो.